पॉलिकार्बोनेट छताचं हरितगृह: शीट कशी बसवायची की उन्हाळ्यात फुगणार नाही आणि पावसाळ्यात गळणार नाही

सांगली-साताऱ्याकडे रोपवाटिकांची छपरं प्लास्टिक कागदावरून पॉलिकार्बोनेटवर यायला लागली आहेत. सांगाडा करणारे वेल्डर इथे हुशार आहेत, पण त्यातल्या बहुतेकांचा हात पत्र्यावर बसलेला असतो. पत्रा जसा स्क्रू मारून घट्ट आवळायचा, तशीच ही शीटही आवळली जाते आणि खराबी तिथूनच सुरू होते. पॉलिकार्बोनेटची शीट तापली की लांब-रुंद होते, गार झाली की आखडते आणि हे रोज चालतं. तिला धरायचं, पण जखडायचं नाही. या लेखातलं प्रत्येक माप त्यासाठीच आहे.

आधी हिशोब. एक मीटर पॉलिकार्बोनेट एक अंश तापमानाला ०.०६५ मिमी वाढतं. लोखंड तेवढ्यालाच ०.०१२ मिमी वाढतं, म्हणजे शीट लोखंडाच्या पाचपटीहून जास्त हलते. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे शीट १० अंशांपर्यंत उतरते आणि एप्रिल-मेच्या दुपारी तिचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत जातो असं धरून चाला. फरक ५० अंशांचा, म्हणजे दर मीटरला सव्वातीन मिमी. २.१ मीटर रुंदीच्या शीटला हे जवळजवळ ७ मिमी होतं. एवढी जागा चौकटीत ठेवली नाही तर शीट ती स्वतः करून घेते: वर पोट काढते, नाहीतर स्क्रूभोवती चिरते.

कोणतं छप्पर धरलं आहे

उदाहरणासाठी एक छोटी रोपवाटिका घेऊ. भाजीपाल्याची आणि उसाची रोपं करणारी, तासगाव-पलूस भागात कुठेही बसेल अशी. रुंदी ५.२ मीटर, लांबी साधारण साडेआठ मीटर, मध्ये आढं, दोन्ही बाजूंना उतरती पाखं. उतार २० अंश, म्हणजे वळचणीपासून आढ्यापर्यंत ९५ सेंमी चढ. बाजूंना कीटकरोधक जाळी आहे आणि पॉलिकार्बोनेट फक्त छतावर. आपल्या उन्हाळ्यात चारही बाजूंनी शीट लावून बंद केलेल्या खोलीत रोपं उकडतील, म्हणून या भागात जाळीच्या भिंती हाच आमचा आग्रह राहील.

रुंदी ५.२ मीटरच का, तर बाजारातली शीट २.१ मीटर रुंद आणि ५.८ मीटर लांब मिळते म्हणून. (लांबी ५.८ एवढीच, कारण लहान कंटेनरमध्ये तेवढीच मावते.) तिचे दोन तुकडे केले की एका पाखाला एक तुकडा पुरतो आणि वाया जवळजवळ काही जात नाही. पाखाची लांबी आढ्याच्या मध्यापासून वळचणीच्या पाइपाच्या बाहेरच्या कडेपर्यंत २७६७ मिमी. वळचणीबाहेर ७५ मिमी काढायचे आणि आढ्याच्या मध्यापासून २२ मिमी अलीकडे थांबायचं, म्हणून प्रत्येक तुकडा २८२० मिमीचा. एका पाखाला चार तुकडे, दोन पाखांना आठ, म्हणजे ८ मिमी जाडीच्या दुहेरी भिंतीच्या चार अख्ख्या शीट.

शीटच्या आतल्या पोकळ नळ्या नेहमी ५.८ मीटरच्या दिशेने धावतात. छतावर त्या आढ्यापासून वळचणीकडे, उताराच्या दिशेनेच याव्यात. नळ्या आडव्या पडल्या तर आत साठलेल्या दवाला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात शीटच्या पोटात हिरवे पट्टे दिसू लागतात.

सांगाडा: शीट येण्याआधी तपासायचं

एका पाखाला पाच राफ्टर, म्हणजे आपले वासे. दोन वाशांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत २११६ मिमी. हा आकडा असा येतो: शीट २१०० मिमी, दोन शीटच्या मधून जाणाऱ्या स्क्रूच्या खोबणीला ८ मिमी आणि खोबणीच्या दोन्ही बाजूंना प्रसरणासाठी ४-४ मिमी. वेल्डरला "दोन मीटर दहा" सांगितलंत तर तो वासे बरोबर २१०० वर लावेल आणि शीट मध्ये अडकेल. म्हणून २११६ हा आकडा कागदावर लिहून द्या. पहिल्यापासून पाचव्या वाशापर्यंत एकूण ८४६४ मिमी व्हायला हवेत.

मग गुण्या. पाखाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ८४६४ आणि २७६७ च्या चौकटीचा कर्ण ८९०५ मिमी येतो. दोन कर्णांत ५ मिमीपर्यंत फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर चौकट तिरकी आहे. तशा चौकटीत शीटच्या एका टोकाला ४ ऐवजी ८ मिमी फट राहील आणि दुसऱ्या टोकाला काहीच राहणार नाही. शीट कापून तिरकेपणा लपवू नका, सांगाडाच ओढून सरळ करा.

वाशांच्या मध्ये आडवे पर्लिन हवेत, एका पाखाला पाच. पहिला आढ्याच्या मध्यापासून १०० मिमी खाली, शेवटचा वळचणीवर आणि मधले समान अंतरावर. अंतर सुमारे ६६० मिमी येतं. शेजारच्या दोन शीटच्या कडा वाशावर खालच्या आणि वरच्या ॲल्युमिनियम पट्टीत धरल्या जातात. वाशावर त्यातली खालची पट्टी आणि तिचं रबर बसणार आहे, त्यामुळे तिथे शीट वाशाच्या पृष्ठभागापेक्षा काही मिमी उंच येते. पर्लिनही त्याच उंचीला यायला हवा. पट्टीचा हातभर तुकडा वाशावर ठेवा, वरून सरळ रूळ पर्लिनपर्यंत न्या आणि खाली किती फट राहते ते बघा. तेवढ्या जाडीची ईपीडीएम रबराची चिकटपट्टी पर्लिनवर लावायची. ही फट न भरता स्क्रूने शीट खाली ओढली, तर प्रत्येक पर्लिनवर तिच्यात खळगा पडतो आणि पाणी तिथेच थांबतं.

वेल्डिंग आणि ग्राइंडिंगचं सगळं काम शीट छतावर जाण्याआधी संपवा. ग्राइंडरची ठिणगी शीटवर पडली की वरचा संरक्षक थर जळतो आणि तो पुन्हा लावता येत नाही. शीट टेकणारे लोखंडी पृष्ठभाग पांढरे रंगवा, कारण गडद लोखंड उन्हात तापून शीटला खालूनही भाजतं. रंग पूर्ण वाळू द्या. ओल्या ऑइल पेंटमधला थिनर पॉलिकार्बोनेटला चिरा पाडतो.

रबर ओळखा, नाहीतर सगळं वाया

या कामात सर्वात जास्त नुकसान करणारी वस्तू दिसायला सर्वात किरकोळ आहे: काळी रबरपट्टी. ईपीडीएमच्या नावाखाली नरम पीव्हीसीची पट्टी सहज गळ्यात मारली जाते. पीव्हीसी नरम करण्यासाठी घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि जिथे पट्टी टेकते तिथे पॉलिकार्बोनेट ठिसूळ होतं. मग वर्ष-दोन वर्षांनी पट्टीच्या रेषेला धरूनच बारीक पांढऱ्या भेगा येतात आणि लोक दोष शीटला देतात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. तांब्याच्या तारेचं टोक पकडीत धरून गॅसच्या ज्योतीवर लाल करा, ते पट्टीवर टेकवा, थोडा माल तारेला चिकटू द्या आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. ईपीडीएमला ज्योत हिरवी होत नाही. हे उघड्यावर करा आणि धूर नाकात जाऊ देऊ नका. ज्या पट्टीला हिरवी ज्योत आली ती परत करायची.

सिलिकॉनचंही तसंच. ट्यूबमधून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिटिक सिलिकॉन आहे, ते इथे नको. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं आणि पॉलिकार्बोनेटला चालतं असं छापलेलंच घ्या. या छताला ते फार लागतही नाही, आढ्यापुरत्या दोन ट्यूब पुरतात.

बाकी सामान असं: पर्लिनसाठी ईपीडीएम चिकटपट्टी ८५ मीटर, खालची आणि वरची अशा जोडीने ॲल्युमिनियम पट्ट्या २.८५ मीटरच्या दहा, त्यांची रबरं, ३८ मिमी रुंदीची भरीव ॲल्युमिनियम टेप १७ मीटर, तेवढीच सूक्ष्म छिद्रांची टेप, यू-पट्टी ३४ मीटर, शीट पर्लिनवर धरायला बारा नंबरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू १३० आणि तितकेच ३० मिमी किंवा मोठे ईपीडीएमवाले वॉशर. वरच्या पट्ट्यांचे आणि आढ्याच्या पत्र्याचे स्क्रू वेगळे. वॉशरखाली शीटच्या जाडीइतकं उंच बुश असेल तर उत्तम. मग कितीही आवळलं तरी शीट चेपत नाही.

कापणं आणि टोकं बंद करणं

शीट सावलीत, सपाट फळ्यांवर ठेवा. थप्पी उन्हात राहिली तर वरच्या शीट वाकड्या होतात आणि शीटवर लावून आलेली प्लास्टिकची फिल्म चिकटून बसते. कापायला बारीक दातांचं पातं लावलेली करवत किंवा जिगसॉ. ग्राइंडरचं घासणारं चाक लावू नका, ते प्लास्टिक वितळवतं आणि नळ्यांची तोंडं बुजतात. दोन तुकडे काढून १६० मिमीच्या आसपास पट्टी उरते. ती फेकू नका, पुढे स्क्रूचा ताण किती हे तिच्यावरच शिकायचं आहे.

कापल्यावर नळ्यांत भुसा गेलेला असतो. तो कॉम्प्रेसरच्या कोरड्या हवेने उडवून काढा. टेप लावल्यावर तो कायमचा आत राहतो आणि ओलावा धरतो. मग दोन्ही बाजूंची फिल्म कडेपासून ८० मिमी सोलून मागे दुमडा, पण पूर्ण काढू नका. फिल्मवर छापलेली बाजू बहुधा अतिनील संरक्षणाची असते आणि ती आकाशाकडे हवी. शीटवरचा मजकूर वाचून खात्री करा आणि प्रत्येक तुकड्याच्या त्या बाजूला कागदी टेपची खूण लावा, कारण फिल्म निघाल्यावर दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात. उलटी बसलेली शीट लवकर पिवळी पडते.

आता टोकं. आढ्याकडच्या टोकाला भरीव टेप: पाणी, धूळ, मुंग्या काहीच आत जायला नको. वळचणीच्या टोकाला सूक्ष्म छिद्रांची टेप: धूळ अडते, पण आतला दमटपणा बाहेर पडतो. ३८ मिमीची टेप ८ मिमी जाडी झाकून वर-खाली १५-१५ मिमी बसते. ती बोटाने नाही, लाकडी ठोकळ्याने दाबून बसवा. टेपवर यू-पट्टी चढवायची, कारण उघडी टेप उन्हाने सुटते. खालच्या यू-पट्टीच्या तळाला दर ३०० मिमीवर ६ मिमीचं छिद्र पाडा आणि त्या पट्टीला सिलिकॉन लावू नका. "गळू नये" म्हणून खालचं टोक सिलिकॉनने बंद करणं ही फार सर्रास चूक आहे. तसं केलं की आत आलेलं पाणी आतच राहतं. महाबळेश्वर-जावळीकडच्या पावसात तर दोन महिन्यांत नळ्या शेवाळतात.

शीट चढवणं

सकाळी सात ते दहाची वेळ धरा. शीट तेव्हा साधारण २५ अंशांच्या आसपास असते आणि खालची मापं त्याच तापमानाला धरून दिली आहेत. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर छतावर सुट्या शीट ठेवूच नका. तुकडा नऊ किलोचाही नसतो, पण वळवाचा वारा त्याला पतंगासारखा उचलतो.

आधी प्रत्येक वाशावर रबरासह खालची पट्टी, तिचा मध्य वाशाच्या मध्यावर. रबर बसवताना ओढायचं नाही. ताणून बसवलेलं रबर काही आठवड्यांत आखडतं आणि टोकांना बोटभर उघडं पडतं. म्हणून मीटरमागे एक सेंमी जास्त कापा आणि टोकाकडून मध्याकडे ढकलत बसवा.

पहिली शीट दोन वाशांच्या मध्ये ठेवा. तिची कड आणि पट्टीची स्क्रूची खोबण यांच्यात दोन्हीकडे ४ मिमी फट हवी. मोजपट्टीने दर वेळी बघत बसण्यापेक्षा ४ मिमी जाड प्लायवूडचे चार तुकडे कडेला उभे खोवा, शीट आपोआप मधोमध येते. पट्टी ६० मिमी रुंद असेल तर शीटची २२ मिमी कड रबरावर टेकते. थंडीत शीट आखडल्यावरही २० मिमीच्या आसपास आत राहील एवढी ती पुरते. त्याहून अरुंद पट्टी घेऊ नका, नाहीतर वादळात शीट कडेतून निसटेल.

आता स्क्रू. प्रत्येक शीटला पाच पर्लिनवर तीन-तीन, असे पंधरा: डाव्या कडेपासून ५२५, १०५० आणि १५७५ मिमीवर. त्यातला अगदी मधला एकच स्क्रू, मधल्या पर्लिनवरचा, घट्ट छिद्रात बसतो. छिद्र ६ मिमी, स्क्रू साडेपाच. तो शीटची नाभी आहे. तिथून शीट चारही दिशांना सारखी वाढते, त्यामुळे कुठल्याच टोकाला पूर्ण हालचाल सोसावी लागत नाही.

बाकी चौदा छिद्रं मोठी. मधल्या तीन पर्लिनवर १० मिमी, आढ्याजवळच्या आणि वळचणीच्या पर्लिनवर १२ मिमी. कारण टोकाचा स्क्रू नाभीपासून १३२० मिमी दूर आहे. २५ अंशांना बसवलेली शीट ६० ला पोचते तेव्हा तिथे लोखंडाच्या तुलनेत ती जवळजवळ अडीच मिमी सरकते. १२ मिमीच्या छिद्रात साडेपाचच्या स्क्रूभोवती सव्वातीन मिमी मोकळीक असते. १० मिमीच्या छिद्रात ती सव्वादोनच राहते, म्हणून टोकाला ते पुरत नाही.

म्हणजेच सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट शीटमधून मारायचा नाही. तो स्वतःच्याच मापाचं छिद्र पाडतो आणि शीट जखडते. आधी शीटला साध्या ड्रिल बिटने, दोन भिंतींच्या मध्ये नळीवर, मोठं छिद्र पाडा. भुसा काढा. मग त्या छिद्राच्या बरोबर मध्यावर पर्लिनमध्ये स्क्रू घ्या. मध्य चुकू नये म्हणून बाहेरून छिद्रात सैल बसेल आणि आतून स्क्रू जाईल असा नळीचा तुकडा छिद्रात बसवा, त्यातून स्क्रू लोखंडाला टेकवून खूण करा आणि नळी काढून घ्या.

किती आवळायचं? वॉशरचं रबर शीटला सगळीकडून टेकलं आणि कडेला केसाएवढं बाहेर दिसू लागलं की थांबा. वॉशर बोटांनी जोर लावून जेमतेम फिरला पाहिजे. शीटवर बशीसारखा खळगा दिसला तर जास्त झालं, अर्धा फेरा मागे घ्या. ड्रिल मशीनचा क्लच सर्वात कमी आकड्यावर ठेवून उरलेल्या पट्टीवर पाच-सहा स्क्रू मारून बघा, हात लगेच बसतो. स्क्रू तिरका गेला तर वॉशर एका बाजूला उघडा राहतो आणि पहिल्या पावसात थेंब तिथूनच येतो. तिरका स्क्रू आवळून सरळ होत नाही, काढून पुन्हा मारावा लागतो.

दुसरी शीट बसली की दोन्हींच्या मधल्या वाशावर रबरासह वरची पट्टी, दर ३०० मिमीवर स्क्रू. हे स्क्रू शीटमधून नाही, मधल्या खोबणीतून वाशात जातात. पट्टी आवळण्याआधी प्लायवूडचे तुकडे काढायला विसरू नका. पहिल्या आणि पाचव्या वाशावर एकाच बाजूला शीट असते. दुसऱ्या बाजूला ८ मिमी जाडीची पट्टी भरा, नाहीतर वरची पट्टी तिरकी बसून पाणी आत घेते. छतावर पाय कधीही शीटवर नको, दोन वाशांवर टेकणाऱ्या फळीवर ठेवा.

आढ्यावर दोन्ही पाखांना १५० मिमी झाकणारा वाकवलेला पत्रा, खाली ईपीडीएम फोम. तो वाशांवरच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांना स्क्रू करा, शीटला नको. सिलिकॉन फक्त पत्रा आणि ॲल्युमिनियम यांच्यात.

उरलेली फिल्म त्याच दिवशी दोन्ही बाजूंनी काढा. आठवडाभर उन्हात राहिली तर ती चिकटते आणि मग खरवडायची वेळ येते. ती काढायला पेट्रोल किंवा थिनर वापरलंत तर शीट गेली.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

सकाळी ऊन चढताना आणि सूर्य उतरताना छतातून टकटक आवाज येत असेल तर शीट कुठेतरी अडकून झटक्याने सुटते आहे. बहुतेक वेळा कडेची फट संपलेली असते किंवा वरची पट्टी फार आवळलेली असते. दुपारी शीट दोन वाशांमध्ये पोट काढते आणि रात्री सपाट होते, तेही तेच दुखणं. स्क्रूभोवती चांदणीसारख्या भेगा असतील तर छिद्र लहान आहे. नळ्यांत खालच्या हातभर भागातच हिरवट रंग असेल तर वळचणीचं टोक बंद आहे: यू-पट्टीतलं सिलिकॉन खरवडा, छिद्रं मोकळी करा आणि टेप बदला. सगळीकडे सारखं धुकं दिसत असेल तर आढ्याची टेप सुटली आहे.

आधीच पत्र्यासारखं आवळलेलं छप्पर असेल आणि शीट अजून चिरली नसेल तर ते वाचवता येतं. सकाळच्या गारव्यात एका शीटचा मधला स्क्रू तसाच ठेवा. बाकीचे एकेक करून काढा, प्रत्येक छिद्र १० किंवा १२ मिमीला वाढवा, भुसा काढा आणि नव्या वॉशरसह स्क्रू पुन्हा बसवा. सगळे स्क्रू एकदम काढू नका, नाभीजवळून सुरुवात करून टोकाकडे जा. बिट पर्लिनच्या लोखंडाला लागू नये म्हणून त्यावर ८ मिमीला खुणेची टेप गुंडाळा. जुनी ईपीडीएम वॉशर पुन्हा वापरू नका, एकदा चेपलेलं रबर दुसऱ्यांदा नीट बसत नाही.